गंजीफ्रॉकवर नेहरू शर्ट: एका तसबिरीचं प्रकरण

करवीर तालुक्यातल्या एका गावाहून दोघं भाऊ कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या स्टुडिओत आले, तेव्हा वडिलांचं रक्षाविसर्जन होऊन चार दिवस झाले होते. उत्तरकार्याच्या आधी तसबीर हवी होती, बारा बाय पंधरा इंची. फोटो मोबाईलमध्ये होता. सोप्यात खुर्चीवर बसलेले म्हातारबाबा, डोक्यावर पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा, डावीकडच्या दारातून आलेला दुपारचा उजेड आणि कॅमेऱ्याकडं सरळ बघणारी नजर. इतका चांगला चेहरा त्यांच्या दुसऱ्या कुठल्याच फोटोत नव्हता. अडचण एवढीच, की अंगात गंजीफ्रॉक होता. उघडे खांदे, उघडे दंड, आणि गळ्यात तुळशीची माळ.

थोरले म्हणाले, "दादा, एवढा शर्ट तेवढा घालून द्या. चेहऱ्याला हात लावू नका."

हे काम आम्हाला नवं नव्हतं. पूर्वी कोटाच्या, शर्टाच्या तयार 'बॉड्या' ठेवलेल्या असत. त्यातली एखादी मानेखाली बसवायची आणि कडा घासून मिसळायच्या. उजेड एकीकडून, कोटाची सावली दुसरीकडून, असा तो प्रकार. भिंतीवर हार घातलेल्या कितीतरी तसबिरींत सगळ्या आजोबांच्या अंगावर एकच कोट दिसतो, तो त्यामुळं. यावेळी फोटोशॉपमधलं जनरेटिव्ह फिल वापरायचं ठरवलं. जागा निवडायची, त्या जागेत काय हवं ते थोडक्यात लिहायचं, की आजूबाजूचा उजेड आणि अंगाची ठेवण बघून ते तिथं नवं चित्र तयार करतं. ते चित्र आपल्या संगणकावर तयार होत नाही, अडोबाच्या सर्व्हरवर होतं, म्हणून इंटरनेट लागतं. एका वेळी तीन नमुने येतात आणि ते फोटोवर पारदर्शक कागद ठेवावा तशा वेगळ्या लेयरवर, तिचा कुठला भाग दिसायचा ते ठरवणाऱ्या मास्कसकट बसतात. मूळ फोटो खाली जसाच्या तसा राहतो. ही शेवटची गोष्ट या प्रकरणात किती कामी येणार आहे, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

आधी फोटो मापात आणला. बारा बाय पंधरा इंच, इंचाला 200 पिक्सेल, म्हणजे 2400 बाय 3000. कापताना पोटाच्या मध्यावर कापला, त्यामुळं मांडीवर ठेवलेले हात चौकटीबाहेर गेले. हे मुद्दाम केलं. हाताची बोटं एकदा का निवडीत आली, की ती नव्यानं रंगवली जातात, आणि रंगवलेली बोटं घरच्या माणसांना लगेच खटकतात. चौकटीत उरलं ते टोपी, चेहरा, गळा, छाती आणि कोपरापर्यंतचे दंड.

पहिली चूक मी केली ती सगळेच करतात. Object Selection Tool घेतलं आणि गंजीफ्रॉकवर क्लिक केलं. टूलनं सुरेख निवड केली, गळ्याची गोलाई, काखेची कड, सगळं बरोबर. Generative Fill दाबून चौकटीत पांढरा शर्ट असं लिहिलं. तिन्ही नमुन्यांत आला तो बिनबाह्यांचा शर्ट. एकात कॉलर होती, पण ती गंजीफ्रॉकच्या खोल गळ्याला शिवल्यासारखी छातीवर पडलेली. खांदे होते तसेच उघडे.

यात दोष यंत्राचा नव्हता. जनरेटिव्ह फिल निवडीच्या आतच रंगवतं, रेघेबाहेर जात नाही. गंजीफ्रॉकच्या आकाराची जागा दिली, तर गंजीफ्रॉकच्या आकाराचाच कपडा मिळणार. कपडा बदलताना जुना कपडा निवडायचा नसतो, नवा कपडा अंगावर जेवढी जागा घेणार असतो ती निवडायची असते. शिंपी गिऱ्हाइकाच्या जुन्या शर्टाचं माप घेत बसत नाही, अंगाचं घेतो, आणि त्यात सैलपणाचे बोट-दोन बोट धरतो. इथंही तसंच आहे.

म्हणून दुसऱ्यांदा साधा लॅसो घेतला आणि हातानं रेघ ओढली. वर गळ्याच्या घाटीच्या दोन बोटं वर, म्हणजे कॉलरला उभं राहायला जागा मिळेल, पण हनुवटीच्या सावलीपासून लांब. हनुवटीखालची ती सावली चेहऱ्याची असते. ती निवडीत गेली तर जबड्याची रेघ बदलते आणि माणूस ओळखू येईना होतो. दोन्ही बाजूंना खांद्यांच्या नि दंडांच्या कडेबाहेर साधारण 70 पिक्सेल मोकळी जागा सोडली, कारण म्हाताऱ्या माणसाचा शर्ट अंगाला चिकटून नसतो, खांद्यावरून थोडा ओघळतो. दंडाच्या कडेला घासून निवड केली असती, तर शर्ट अंगाला तट्ट बसलेला आला असता. खाली चौकटीच्या कडेपर्यंत. उजव्या खांद्याच्या मागं भिंतीवर कॅलेंडर होतं, ते मात्र रेघ वळवून बाहेर ठेवलं. निवडीत अक्षरं आली, की ती परत तयार होताना अक्षरांसारखी दिसणारी पण न वाचता येणारी काहीतरी नक्षी होते.

निवड झाल्यावर मजकूर. इथं माझी दुसरी चूक. घाईत जसं माणसाला सांगावं तसं लिहिलं:

```
remove vest and put white shirt
```

आणि चित्राऐवजी संदेश आला, की तयार झालेली चित्रं वापराच्या नियमांत बसत नाहीत म्हणून काढून टाकली आहेत. धाकटा भाऊ शेजारी बसला होता, तो बावरला. "काय झालं? आमच्या अण्णांच्या फोटोत काय वंगाळ हाय?" काहीच नव्हतं. उघडं अंग, आणि मजकुरात कपडा काढण्याचा शब्द. नेमकं कशावर अडलं ते संदेशात लिहिलेलं नसतं, पण माझा संशय त्या `remove` वर होता. तो शब्द काढल्यावर संदेश परत आला नाही. पुढंही कपड्यांच्या कामात असं अडलं, की मी आधी मजकुरातली क्रियापदं बघतो, मग निवडीत उघडी कातडी गरजेपेक्षा जास्त आली आहे का ते बघतो.

एरवीही क्रियापदांचा उपयोग नसतोच. काढा, बदला, घाला हे सांगायची गरज नाही, कारण कुठं काम करायचं ते निवडीनं आधीच सांगितलं आहे. मजकुरात फक्त वस्तूचं वर्णन हवं. मग लिहिलं `white nehru shirt`. आपल्याकडं नेहरू शर्ट म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं ते सांगायला नको. यंत्रानं काढलं उभ्या पट्टीच्या कॉलरचं, पुढून पूर्ण उघडणारं, पाच बटणांचं जाकीट. इंग्रजीत नेहरू या शब्दामागं बहुतेक जाकीटच येतं, त्यामुळं त्याचंही बरोबर होतं. मग `kurta` लिहून पाहिलं, तर गळ्यापासून पोटापर्यंत सोनेरी भरतकाम. नवरदेवाचे कुर्ते. भरतकाम नको म्हणून `no embroidery` जोडलं, तर ते जास्तच आलं. नको म्हणण्यासाठी का होईना, नाव घेतलं की ती वस्तू पुष्कळदा येतेच. हा या यंत्रांचा स्वभाव आहे.

शेवटी भावांना विचारलं, की अण्णांचा शर्ट कसा असायचा ते नाव न घेता सांगा. थोरले म्हणाले, डोक्यातून घालायचा, कॉलरचा, अर्ध्या छातीपर्यंत गुंड्या, बाह्या लांब, जाडसर सुती. तेच जसंच्या तसं उतरवलं:

```
plain white thick cotton shirt, soft collar, half button placket, long sleeves
```

'नको' च्या जागी `plain` आला, नावाच्या जागी बनावट आली. यावर तिन्ही नमुने कामाचे निघाले. स्थानिक नावाचा कपडा असला, की त्याचं नाव टाकण्यापेक्षा तो कसा शिवलाय ते लिहिलेलं बरं, हे तेव्हापासून मी पाळतो. याला मर्यादा आहेच. पैठणीचा पदर वर्णनानं मिळत नाही. मोर असलेलं, जरीचं, लांबून पैठणीसारखं दिसणारं काहीतरी मिळतं, आणि विणणाऱ्यानं ते बघितलं तर तो हसेल. साडीच्या दुकानाच्या जाहिरातीला असं काही करून देणं म्हणजे दुकानात नसलेली साडी विकणं. आणि कपडा तोच ठेवून नुसता रंग बदलायचा असेल, तर जनरेटिव्ह फिलच्या वाटेला जाऊच नये. निवड करून Hue/Saturation नं रंग फिरवावा, म्हणजे प्रत्येक चुणी आणि धागा मूळचा राहतो.

तीन नमुन्यांतून एक निवडताना मी चेहऱ्याकडं बघत नाही, कारण तो बदललेलाच नसतो आणि उगीच भुलवतो. मी गुंड्यांची पट्टी बघतो. अण्णा किंचित उजवीकडं वळून बसले होते. पहिल्या नमुन्यात पट्टी सरळ खाली उभी होती, जणू शर्ट समोर बघतोय आणि माणूस बाजूला. तो बाद. दुसऱ्यात वळण बरोबर होतं, पण पट्टीचा वरचा पदर उलट्या बाजूचा होता. पुरुषांच्या शर्टात घालणाऱ्याची डावी बाजू वर येते, म्हणजे फोटोत बघणाऱ्याच्या उजव्या हाताची. बायकांच्या कपड्यात उलट. शंभरातल्या नव्वद जणांना हे सांगता येणार नाही, पण घरातल्या एखाद्या शिवणकाम जाणणाऱ्या बाईला ते पहिल्या नजरेत बोचतं. तिसऱ्यात वळण, पदर, गुंड्यांची संख्या सगळं जमलं होतं. डावीकडून उजेड आणि उजव्या कडेला चुण्यांत सावली, तेही. कॉलर वरपर्यंत बंद होती. स्वच्छ दिसतंय, म्हणून तोच ठेवला.

मग 100 टक्क्यांवर मोठं करून बघितलं, आणि मिशीचा केस न केस दिसत होता, पण कॉलरची शिवण मऊ, धुक्यातल्यासारखी. हा दोष पडद्यावर पूर्ण फोटो बघताना कळत नाही, छापल्यावर कळतो. कारण साधं आहे. हे साधन 2023 मध्ये आलं तेव्हा एका खेपेला साधारण 1024 बाय 1024 पिक्सेलचंच चित्र तयार करत असे, आणि निवड मोठी असली की तेवढंच ताणून बसवत असे. पुढं मॉडेलं सुधारत गेली, पण हे काम केलं त्या आवृत्तीत ताण दिसत होता. माझी निवड दोन हजार पिक्सेलच्या आसपास रुंद होती, म्हणजे कापड जवळजवळ दुप्पट ताणलेलं.

उपाय असा, की सगळा शर्ट परत करायचा नाही. जिथं नजर थांबते तेवढेच तुकडे परत करायचे. आधी कॉलरभोवती साधारण 800 पिक्सेलची निवड केली आणि त्याच वर्णनातला कॉलरचा भाग लिहिला, `soft white cotton shirt collar`. मग पट्टीची वरची दोन बटणं, वेगळी निवड. लहान जागेत तेवढेच पिक्सेल खर्ची पडल्यानं शिवण उमटली, बटणाची भोकंसुद्धा दिसली. छातीचं नि बाह्यांचं सपाट कापड तसंच सोडलं. तिथं बघण्यासारखं काही नसतं, आणि जितके तुकडे जास्त तितके सांधे जास्त. शेवटी सगळ्या शर्टावर अगदी बारीक ठिपक्यांचा दाणा टाकला, कारण मोबाईलच्या फोटोत चेहऱ्यावर, भिंतीवर थोडा दाणा असतो आणि तयार झालेलं कापड मात्र गुळगुळीत येतं. त्या गुळगुळीतपणामुळंच पुष्कळदा 'काहीतरी चिकटवलंय' असं वाटतं, आणि बघणाऱ्याला ते नेमकं काय हे सांगता येत नाही.

पांढरा रंग राहिला होता. नवा शर्ट निळसर पांढरा आला होता, जाहिरातीतल्या साबणानं धुतल्यासारखा. सोप्यातल्या उजेडात तसा पांढरा असू शकत नाही. खरा पांढरा कसा आहे हे शोधायला लांब जावं लागलं नाही. मूळ फोटोत गंजीफ्रॉक होताच. वरचा लेयर क्षणभर बंद केला आणि त्याच्या उजेडाकडच्या भागावर आयड्रॉपर ठेवला. लाल 226, हिरवा 219, निळा 205. म्हणजे पिवळसर, आणि पूर्ण पांढऱ्यापासून बराच खाली. शर्टाच्या लेयरला तेवढ्यापुरता कर्व्ह्ज जोडून त्याच भागातला पांढरा तिथवर आणला. टोपीचा पांढरा आणि शर्टाचा पांढरा एका घरातला वाटायला लागला.

आता माळ. कॉलर बंद असल्यानं माळ शर्टाखाली गेली होती, आणि माळकऱ्याचा फोटो बिनमाळेचा देणं शक्य नव्हतं. मूळ फोटोतून एकेक मणी पेन टूलनं कापून नव्या लेयरवर घेतला, कॉलरवर ठेवला, खाली हलकी सावली दिली. यात तासभर गेला. काम निगुतीचं झालं होतं आणि तरीही वाईट दिसत होतं. माळ कॉलरवरून घातलेली, सत्काराच्या हारासारखी. मला ते दिसत होतं, पण चुकतंय काय ते सापडत नव्हतं.

संध्याकाळी दोघांबरोबर त्यांच्या आई आल्या. पडद्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बाकी समदं झ्याक हाय बघा. पर ह्यांनी वरची गुंडी कधी लावलीच न्हाई. माळ आत असायची, गळ्याला लागून."

म्हणजे मी निवडलेला सगळ्यांत स्वच्छ नमुनाच चुकीचा होता. पहिला विचार आला तो कॉलरच्या जागी निवड करून `open collar, top button undone` लिहायचा. लिहून बघितलंही. गळा उघडा झाला, पण तो गळा अण्णांचा नव्हता. कातडी चाळिशीतल्या माणसाची, शिरा नाहीत, सुरकुत्या नाहीत, आणि माळेच्या जागी लाकडी मण्यांचं काहीतरी, ज्याच्या दोन मण्यांचा आकार सारखा नव्हता. उघडी जागा मागितली की तिच्या आतलं सगळंही यंत्रालाच कल्पनेनं भरावं लागतं.

आणि मग ध्यानात आलं, की कल्पनेची गरजच नाही. खरा गळा, खरी माळ या शर्टाच्या खालीच आहेत, मूळ लेयरवर, हललेल्यासुद्धा नाहीत. ती नवी खेप पुसली, कापलेल्या मण्यांचा लेयरही पुसला. शर्टाच्या आणि कॉलरच्या तुकड्यांच्या लेयर एका गटात घेतल्या, गटाला मास्क दिला, काळा ब्रश घेतला आणि गळ्यापासून वरच्या दोन गुंड्यांपर्यंत इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार रंगवला. काळं केलेल्या भागात शर्ट लपला आणि खालून गळा वर आला, शिरांसकट, गळ्याच्या घाटीत बसलेल्या माळेसकट. मण्यांची कातडीवरची सावली मूळचीच असल्यानं तीही बरोबर आली. माझा तासभराचा पेन टूल दहा मिनिटांच्या ब्रशानं निकालात काढला.

एवढ्यानं काम पुरं होत नव्हतं, कारण मास्कनं कापलेली कड कात्रीनं कापल्यासारखी दिसते. उघड्या कॉलरच्या पट्टीला आतली बाजू असते, घडीची जाडी असते. तेवढ्यासाठी उजव्या नि डाव्या कडेवर, कातडीला न शिवता, शे-दीडशे पिक्सेल रुंदीच्या दोन अरुंद निवडी केल्या आणि `folded edge of open white cotton collar` एवढंच लिहिलं. डावीकडची पहिल्या खेपेत जमली. उजवीकडच्या पहिल्या तिन्ही नमुन्यांत काजं आली, पुढच्या तीनमध्ये एक साधी कड मिळाली. तिच्याखाली गळ्यावर पडणारी पुसटशी सावली मात्र हातानं दिली, खालचा रंग गडद करणाऱ्या मल्टिप्लाय लेयरवर, मऊ ब्रशानं, 15 टक्के.

व्हीच्या खालच्या टोकाशी, दुसऱ्या गुंडीच्या जरा वर, गंजीफ्रॉकची कड डोकावत होती. सवयीनं ती झाकायला ब्रश उचलला, तर आई मागून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की. शर्टाच्या आत घालायचेच ते."

ती तशीच ठेवली आणि फाईल छपाईला पाठवली.